मॅडमच्या ट्रॅक केलेल्या दुरुस्त्या आणि कार्यकर्त्याचा लेख: फेऱ्या कशा सांभाळायच्या?

शाईची दौत

नमस्कार मंडळी. मी पुण्यातल्या एका स्वयंसेवी संस्थेत प्रकाशनाचं काम बघते. वार्षिक अहवालात यंदा पहिल्यांदाच गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांचे लेख घेतोय, त्यांच्या नावानिशी आणि फोटोसकट. त्यातला एक लेख जव्हार तालुक्यातल्या आमच्या कार्यकर्त्याचा आहे. तो त्याच भागातला आहे. त्यानं वहीत लिहून पानांचे फोटो पाठवले आणि मी ते जसंच्या तसं टाईप केलं.

आमच्या संचालक मॅडम वर्डमध्ये Track Changes लावून दुरुस्त्या करतात. फार बारकाईनं वाचतात. अहवाल विश्वस्तांकडे आणि देणगीदारांकडे जातो, उत्तरं त्यांनाच द्यावी लागतात. मी त्यांच्या दुरुस्त्या स्वीकारून स्वच्छ प्रत पाठवते, की त्या पुन्हा दुरुस्त्या करतात, कधीकधी स्वतःच आधी केलेल्या वाक्यातसुद्धा. अशा बऱ्याच फेऱ्या झाल्या. शेवटी लेख कार्यकर्त्याला वाचायला पाठवला तर त्याचा फोन आला, "ताई, चांगलं झालंय. पण हे मी नाही लिहिलेलं. माझं नाव नका टाकू." तेव्हापासून चैन नाही.

एक परिच्छेद देते. त्यानं लिहिलेला असा:

"एप्रिल लागला की विहिरीचा तळ दिसायचा. बाया पहाटे तीनला उठायच्या आणि नंबर लावायच्या. एकीनं खाली उतरायचं, वाटीनं हंडा भरायचा, तोवर बाकीच्या काठावर बसून राहायच्या. आम्ही मीटिंगला बोलावलं की म्हणायच्या, आधी पाणी द्या, मग बोला. त्यांचं खरं होतं. आता टाकी झाली, चाळीस घरांना पाणी मिळतं."

आणि आजच्या प्रतीत तो असा झालाय:

"दरवर्षी एप्रिल महिन्यात विहिरीची पाणीपातळी खालावत असे. त्यामुळे महिलांना पहाटे तीन वाजल्यापासून रांगेत उभे राहावे लागत असे. पाणी भरण्याची प्रक्रिया अत्यंत वेळखाऊ होती. संस्थेच्या पुढाकाराने व लोकसहभागातून पाण्याची टाकी उभारण्यात आली असून सध्या ३७ कुटुंबांना नियमित पाणीपुरवठा होत आहे."

एकेक दुरुस्ती बघितली तर चूक म्हणावी अशी एकही नाही. पण सगळ्या मिळून माणूसच गायब झाला. कोणत्या दुरुस्त्या स्वीकारायच्या, कोणत्या नाही, हे कसं ठरवायचं? आणि मॅडमचा मान राखून त्यांना सांगायचं कसं? अहवाल छापायला जायला अजून थोडा अवधी आहे.

नदीकाठ

सोपं आहे. Review टॅबमध्ये No Markup निवडा, लाल रेघा सगळ्या जातात. मग पीडीएफ करून पाठवा. आम्ही ऑफिसात असंच करतो.

जुनी प्रत

नदीकाठ, ताईंचा प्रश्न रेघा घालवण्याचा नाही. आणि No Markup निवडल्यानं रेघा फक्त दिसेनाशा होतात, दुरुस्त्या फाईलमध्ये तशाच असतात. ती वर्ड फाईल तुम्ही बाहेर पाठवलीत आणि समोरच्यानं All Markup निवडलं, की कोणी काय खोडलं आणि समासात काय शेरा मारला ते सगळं त्याच्यासमोर उघडं पडतं. दुरुस्ती फाईलमधून जाते ती Accept किंवा Reject केल्यावरच, आणि शेरे वेगळे काढून टाकावे लागतात.

ताई, उत्तर देण्याआधी तीन गोष्टी सांगा. पहिली टाईप केलेली प्रत तुमच्याकडे वेगळी ठेवलेली आहे का? प्रत्येक फेरीची फाईल आहे, की एकाच फाईलवर सगळं चाललंय? आणि मॅडम नेहमी ट्रॅकिंग चालू ठेवूनच लिहितात का?

शाईची दौत

पहिली प्रत आहे, वहीचे फोटोही आहेत. फेरीनिहाय फाईली आहेत, पण नावं अंतिम, अंतिम नवी, अंतिम मॅडम अशी काहीही आहेत. मॅडम प्रवासात असल्या की फोनवर दुरुस्त्या करतात, तेव्हा ट्रॅकिंग चालू असतं की नाही याची खात्री नाही. काही वाक्यं कधी बदलली ते मलाही आठवत नाही.

मोरपीस

माझं मत स्पष्ट आहे. लेखाखाली नाव त्याचं, तर शब्दही त्याचेच हवेत. सगळ्या दुरुस्त्या Reject करा आणि पहिली प्रत छापा. शुद्धलेखन तेवढं बघा. मॅडमना संस्थेच्या भाषेत लिहायचं असेल तर त्यांनी संचालकांचं मनोगत लिहावं.

जुनी प्रत

मोरपीस, लेखकाच्या बाजूनं उभं राहण्याबद्दल तुमच्याशी पूर्ण सहमत. पण सगळं Reject केलं तर "चाळीस घरं" छापलं जाईल आणि त्याच अहवालात मागच्या तक्त्यात ३७ असेल. विश्वस्तांच्या बैठकीत पहिला प्रश्न त्यावरच येईल आणि तोंडघशी पडेल तो कार्यकर्ता. मॅडमची ती दुरुस्ती त्याचं रक्षण करणारी आहे.

मी पुष्कळ वर्षं अहवाल आणि स्मरणिका संपादित केल्या आहेत. या कामात जे हाती लागलं ते थोडं सविस्तर लिहितो.

आधी फेऱ्यांचं. ट्रॅक केलेली प्रत तुम्हाला फक्त मागच्या स्वीकारलेल्या प्रतीपासूनचा फरक दाखवते. तुम्ही Accept केलंत की त्या दुरुस्तीची खूण पुसली जाते. पुढच्या फेरीत मॅडम जे वाक्य बदलतात ते लेखकाचं नसतंच, त्यांचं स्वतःचंच मागच्या फेरीतलं असतं. म्हणून प्रत्येक फेरी किरकोळ दिसते आणि चार फेऱ्यांनी लेख कुठच्या कुठे गेलेला असतो. ते अंतर मोजायचं असेल तर आजची प्रत कालच्या प्रतीशी ताडून उपयोग नाही, ती पहिल्या प्रतीशीच ताडायला हवी.

वर्डमध्ये Review खाली Compare आहे. Original document मध्ये वहीवरून टाईप केलेली प्रत द्या, Revised document मध्ये आजची. More दाबलं की खाली Show changes at असं येतं, तिथे Word level ठेवा. Character level ठेवलंत तर देवनागरीत अर्धा शब्द लाल, काना निळा असा प्रकार होतो आणि वाचता येत नाही. फाईलमध्ये दुरुस्त्या बाकी असतील तर वर्ड सांगेल की त्या स्वीकारल्या आहेत असं धरून तुलना करतो. चालेल म्हणा. तिसरी नवी फाईल तयार होते, मूळच्या दोन्हींना धक्का लागत नाही. फोनवरून ट्रॅकिंगशिवाय झालेल्या दुरुस्त्याही यात आपोआप दिसतात, आणि हाच हिचा मोठा फायदा.

ती फाईल छापून घ्या. आता प्रत्येक खुणेशी एकच प्रश्न विचारा: ही दुरुस्ती का केली असेल? तुमच्या परिच्छेदातच बघा. चाळीसचे ३७ झाले, ती माहितीची दुरुस्ती आहे. ती नोंदवहीशी ताडायची आणि स्वीकारायची, तिथे लेखकाच्या आवाजाचा प्रश्नच येत नाही. "आधी पाणी द्या, मग बोला" हे वाक्य गेलं ते बहुधा भीतीपोटी, संस्थेचं काम लोकांना नको होतं असा अर्थ निघेल म्हणून. आणि "एप्रिल लागला की" याचं "दरवर्षी एप्रिल महिन्यात" झालं ते निव्वळ सवयीनं, कार्यालयीन मराठी हाताला लागलेली असते म्हणून. एकाच लाल रंगात ही तीन अगदी वेगळी कारणं आहेत. लाल रंग पाहून Accept किंवा Reject दाबलं की ती एकात एक मिसळतात.

सवयीच्या दुरुस्त्या सोडून देता येतात आणि मॅडमना त्याचं फार काही वाटत नाही, हा माझा अनुभव. अवघड असतात त्या भीतीच्या. तिथे मी एक नियम पाळतो. दुरुस्तीतला मुद्दा व्यवस्थापकाचा घ्यायचा, पण वाक्य लेखकाकडून घ्यायचं. म्हणजे मॅडमनी खोडलेलं वाक्य परत घालायचं नाही आणि मॅडमचं वाक्यही ठेवायचं नाही. लेखकाला फोन करायचा आणि विचारायचं, "त्या बाया असं म्हणाल्या, मग तुम्ही काय केलंत?" तो जे सांगेल ते त्याच्या शब्दांत उतरवून घ्यायचं. बहुतेक वेळा मॅडमच्या शंकेचं उत्तर त्याच्या बोलण्यात असतंच, फक्त लिहायचं राहून गेलेलं असतं.

एक धोका सांगून थांबतो. "नियमित पाणीपुरवठा" हे कोणी लिहिलं ते शोधा आणि लेखकाला विचारा की पाणी खरोखर नियमित येतं का. भाषा गुळगुळीत करताना असे दावे नकळत आत येतात.

शाईची दौत

जुनी प्रत, तुमचं उत्तर छापून टेबलावर ठेवलंय. Compare आज रात्रीच करून बघते.

दुसरी बाजू

मी मॅडमच्या जागेवर असते, म्हणजे दुसऱ्यांच्या मजकुरावर ट्रॅक लावून लिहिणारी. माझी बाजू सांगते.

समोर स्वच्छ प्रत आली की मी ती नव्यानंच वाचते. मागच्या वेळी मीच ते वाक्य लिहिलंय हे लक्षात राहत नाही, आणि खुणा पुसलेल्या असल्यामुळे कळतही नाही. प्रत आली याचा अर्थ माझ्याकडून दुरुस्त्या अपेक्षित आहेत असंच मी धरते. प्रत्येक फेरीत नवं काहीतरी सापडतंच, कारण वाचणारा दिवस वेगळा असतो. फेऱ्या वाढण्याचं कारण माझ्या मते हेच आहे.

आमच्याकडच्या एका सहकाऱ्यानं हे थांबवलं. तो प्रतीसोबत दोन ओळी लिहायला लागला: "या फेरीत आकडे आणि नावं तपासून हवी आहेत. भाषा लेखकानं वाचून कायम केली आहे. भाषेबद्दल काही वाटलं तर वाक्य न बदलता समासात शेरा लिहावा." मला यात अपमान वाटला नाही. उलट वेळ वाचला. आणि शेरा लिहायचा म्हटलं की कारण द्यावं लागतं. कारण सुचलं नाही तर मी ती गोष्ट सोडून देते.

आणखी एक. फाईलवर माझ्याआधी आणखी तिघांनी हात फिरवलेला असला की माझ्यावरही दडपण येतं, आपण काहीच बदललं नाही तर वाचलं नाही असं वाटेल म्हणून. हे बरोबर नाही, पण असं होतं.

जुनी प्रत

दुसरी बाजू, हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं झालं. "वाक्य न बदलता शेरा" हे मी पण पुढे वापरणार.

गाईडचा विद्यार्थी

माझी पीएचडी चालू आहे आणि आमचे सर पण असंच करतात. प्रकरणाचा प्रत्येक परिच्छेद त्यांच्या भाषेत होतो. कधी "मी" काढून "प्रस्तुत संशोधक" करतात, पुढच्या वेळी "प्रस्तुत संशोधक" काढून "अभ्यासकाने" करतात. मी सगळं Accept All करतो आणि पुढे जातो. पण आता व्हायव्हाची भीती वाटते, कारण काही विधानं मला स्वतःलाच समजावून सांगता येत नाहीत. मी काय करू?

जुनी प्रत

तुमचा प्रश्न थोडा वेगळा आहे, कारण तिथे लेखक तुम्ही स्वतःच आहात आणि बचाव तुम्हालाच करायचाय. Accept All आजपासून बंद करा. "प्रस्तुत संशोधक" आणि "अभ्यासकाने" यांनी काही बिघडत नाही. जिथे विधानच बदललंय ते वाक्य मात्र सरांसमोर बसून वाचा आणि विचारा, "यासाठी माझ्याकडे कोणता पुरावा आहे?" पुरावा नसेल तर सर स्वतःच ते काढतील. यासाठी वेगळा धागा काढलात तर विद्यापीठातली मंडळीही लिहितील.

अक्षरजुळणी

मी छपाईपूर्व काम करते. इकडे एक गोष्ट कोणी बोललं नाही, ती खुणांच्या गर्दीची. संस्थेची लेखनपद्धत म्हणून कोणीतरी Find and Replace नं "केलं"चं "केले", "त्यानं"चं "त्याने" करतं, तेही ट्रॅकिंग चालू ठेवून. पानभर लाल होतं आणि त्या लालीत खोडलेलं एखादं महत्त्वाचं वाक्य नजरेतून निसटतं. असे बदल शेवटी, सगळं ठरल्यावर, वेगळ्या प्रतीवर करावेत.

फॉन्ट आणि समासाच्या खुणांचंही तेच. Show Markup मध्ये Insertions and Deletions ची टिक काढायची, Formatting ची ठेवायची, मग Accept खाली Accept All Changes Shown करायचं. जेवढं दिसतंय तेवढंच स्वीकारलं जातं. नंतर टिक परत लावली की उरतात ते फक्त शब्दांचे बदल. Specific People मधून एकाच माणसाच्या दुरुस्त्याही अशाच वेगळ्या काढून बघता येतात.

शाईची दौत

अक्षरजुळणी, हे सोनं आहे. आमच्या फाईलमध्ये निम्म्याहून जास्त खुणा फॉन्टच्याच निघाल्या.

आणि तुम्ही "केलं/केले"चा विषय काढलात म्हणून विचारते. मॅडमचं म्हणणं आहे की छापील मजकुरात "केले"च शुद्ध.

अक्षरजुळणी

अशुद्ध तर नक्कीच नाही. साहित्य महामंडळाच्या नियमांत बोलण्यातली अशी रूपं लिहायची झाल्यास ती अनुस्वार देऊन लिहावीत अशी सोय आहे. माझं म्हणणं एवढंच की एका लेखात एकच पद्धत हवी. अर्धा लेख "केलं" आणि अर्धा "केले" झाला तर तो कोणाचाच राहत नाही, आणि अर्धवट स्वीकारलेल्या दुरुस्त्यांनी नेमकं हेच होतं. तुमच्या अहवालात कार्यकर्त्यांचे लेख "केलं" आणि बाकी अहवाल "केले" असं विभागवार ठरवून टाका.

मोरपीस

एक कायद्याचा मुद्दा. तो नोकरीत आहे म्हणजे कॉपीराइट संस्थेचा, बरोबर? मग त्याच्या हरकतीला काही अर्थ उरतो का?

जुनी प्रत

अर्धं बरोबर. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातल्या १७ व्या कलमानुसार नोकरीचा भाग म्हणून केलेल्या लेखनाचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणारा असतो. पण त्याच कायद्यातलं ५७ वं कलम लेखकाचे विशेष हक्क सांगतं. मालकी दुसऱ्याकडे असली तरी लेखक म्हणून ओळखलं जाण्याचा हक्क त्याचाच राहतो, आणि त्याची प्रतिष्ठा दुखावेल अशी मोडतोड मजकुरात झाली तर दाद मागता येते. आता पाणीपातळी खालावण्यानं कोणाची प्रतिष्ठा दुखावते असं कोर्ट म्हणेल असं मला वाटत नाही. आणि ताई, मॅडमसमोर कलमं काढू नका. लेखक नाव काढून घेतोय एवढं कारण पुरेसं आहे.

शाईची दौत

मंडळी, बरंच घडलंय, सविस्तर लिहिते.

Compare केलं. पहिल्या प्रतीतली जेमतेम काही वाक्यं शिल्लक होती, तीही बहुतेक आकड्यांची. ट्रॅक न होता झालेल्या दुरुस्त्या भरपूर निघाल्या. "आम्ही"चं सगळीकडे "संस्थेने" झालं होतं आणि ते कुठल्याच फेरीत लाल दिसलं नव्हतं. तिथेच लेख त्याच्या हातून गेला असं मला वाटतं, कारण "संस्थेने" आलं की पुढचं वाक्य आपोआप "उभारण्यात आली"कडे वळतं.

मग कार्यकर्त्याशी दोनदा निवांत बोलले. चाळीस त्यानं अंदाजानं लिहिलं होतं, ३७ त्याला लगेच मान्य झालं. "नियमित"वर मात्र तो म्हणाला, "मे महिन्यात दिवसाआड येतं ताई. नियमित लिहिलं तर पाड्यावरचे लोक मला विचारतील." जुनी प्रत, तुमची शंका खरी ठरली. पुढच्या भागात एका बाईचं नाव आणि तिच्या मुलाच्या आजारपणाचा उल्लेख होता, मॅडमनी तो काढला होता. तिची परवानगी घेतलेली नव्हती, त्यामुळे ती दुरुस्ती आम्ही दोघांनी तशीच ठेवली. त्याला उलट बरं वाटलं.

"मग तुम्ही काय केलंत" हा प्रश्न विचारल्यावर त्यानं जे सांगितलं ते घेऊन परिच्छेद आता असा आहे:

"एप्रिल लागला की विहिरीचा तळ दिसायचा. बाया पहाटे तीनला उठायच्या आणि नंबर लावायच्या. एकीनं खाली उतरायचं, वाटीनं हंडा भरायचा, तोवर बाकीच्या काठावर बसून राहायच्या. आम्ही बचत गटाच्या मीटिंगला बोलावलं की म्हणायच्या, आधी पाणी द्या, मग बोला. त्यांचं खरं होतं. मग आम्ही बचतीचं बाजूला ठेवलं आणि पाण्याचं धरलं. टाकीचा खड्डा पाड्यानंच खणला. आता ३७ घरांना पाणी मिळतं. मे महिन्यात मात्र दिवसाआड."

मॅडमना भेटले तेव्हा तिन्ही परिच्छेद एकाखाली एक छापून नेले: त्याचा पहिला, आजचा आणि हा. आणि एक छोटा तक्ता नेला, त्यात त्यांची दुरुस्ती, तिचं कारण आणि आम्ही ते कसं सोडवलं. आकडा स्वीकारला. नाव काढलं ते स्वीकारलं. "लोकसहभागातून" याच्या जागी खड्डा पाड्यानं खणला. त्यांनी तिसरा परिच्छेद दोनदा वाचला आणि म्हणाल्या, "हे त्यानं आधीच का नाही लिहिलं?" मी म्हटलं, आपण विचारलं नव्हतं. "आधी पाणी द्या" त्यांनी ठेवलं. पुढे काय केलं ते आल्यामुळे आता त्यात नकारात्मक काही वाटत नाही असं त्या स्वतःच म्हणाल्या.

दोन गोष्टींवर अडलंय. "बाया" त्यांना मान्य नाही. देणगीदारांपैकी कोणाला ते तुच्छ वाटेल असं त्यांचं म्हणणं, तर तो म्हणतो, आमच्याकडे असंच म्हणतात आणि त्यात कमीपणा नाही. आणि "मे महिन्यात मात्र दिवसाआड" हे त्यांना काढायचंय.

दुसरी बाजू

"दिवसाआड" काढू देऊ नका. "नियमित" काढून फक्त "पाणी मिळतं" ठेवलं तर खोटं होत नाही हे खरं, पण पुढच्या वर्षी उन्हाळ्याच्या पाण्यासाठी निधी मागायचा असेल तर हेच वाक्य तुमच्या उपयोगी पडेल. मॅडमना तसं सांगून बघा.

"बाया"बद्दल मला मॅडमचं पटतं. मीही बदललं असतं.

मोरपीस

मला अजिबात पटत नाही. त्याच्या तोंडी "महिला" आलं की तो लगेच सरकारी पत्रकातला माणूस वाटतो. फार तर "बायका" करा.

जुनी प्रत

"बायका" हा सुद्धा तुमचा शब्द झाला, मोरपीस. त्यालाच विचारा की दुसरं काय म्हणशील. तो कदाचित "पाड्यावरच्या" एवढंच म्हणून मोकळा होईल. नाहीतर जिथे त्यांचं बोलणं येतं तिथे "बाया" ठेवून बाकी ठिकाणी वाक्य फिरवता येतं का ते बघावं. मी स्वतः ठेवला असता. पण लेखक आणि मॅडम दोघांनी मिळून ठरवलं तर मी आड येणार नाही.

आता पुढच्या फेऱ्यांबद्दल. फाईलची नावं बदला. लेखाचं नाव, मग फेरीचा आकडा, मग कोणाकडून आली ते, एवढं पुरे:

```
jawhar-pani_00_lekhak.docx
jawhar-pani_05_madam.docx
jawhar-pani_06_lekhak.docx
```

००ला कधीही हात लावायचा नाही. पाठवताना Track Changes च्या बाणाखाली Lock Tracking करून पासवर्ड द्या, म्हणजे समोरच्याला ट्रॅकिंग बंद करता येत नाही. कुलूप असेपर्यंत Accept आणि Reject सुद्धा होत नाही, त्यामुळे परत आल्यावर ते तुम्हालाच काढावं लागेल. मॅडमना आधी सांगून मगच लावा, नाहीतर अविश्वास वाटेल. फोनवरून दुरुस्ती आली तर मात्र कुलुपावर विसंबू नका, आल्या आल्या आधीच्या फेरीशी Compare करा.

नदीकाठ

आम्ही गूगल डॉक्सवर करतो. तिथे Suggesting लावलं की कोणी काय सुचवलं ते दिसतं. चालेल का?

अक्षरजुळणी

चालेल, आणि एकच फाईल असल्यामुळे प्रतींचा गोंधळ होत नाही. पण ज्याला Editor चा अधिकार आहे तो Editing वर जाऊन थेट बदलू शकतो. मॅडमना Commenter चा अधिकार दिला तर त्यांना फक्त सुचवता येतं, पण संचालकांना तसं देणं जमेल का ते तुम्ही बघा. प्रत्येक फेरीआधी Version history मध्ये आवृत्तीला नाव द्या म्हणजे परत जाता येतं.

ताई, माझ्या टेबलावरचं एक सांगते. वर्डमध्ये कितीही नीट केलंत तरी मजकूर मांडणीत गेला की खरी शेवटची फेरी पीडीएफवर होते. त्यावर लोक पेननं लिहून फोटो पाठवतात, आणि मी ते इकडे हातानं घालते. तिथे ट्रॅकिंग नसतं. ओळ पानात बसत नाही म्हणून "वाटीनं हंडा भरायचा" सारखं वाक्य गाळलेलं मी पाहिलंय, लेखकाला न विचारता. मांडणीतली पीडीएफ लेखकाला पाठवा आणि पीडीएफवरच्या दुरुस्त्या एकाच व्यक्तीकडून, म्हणजे तुमच्याकडूनच, येतील असं छापखान्याला लेखी कळवा. छापखान्याची मांडणी श्री-लिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये असेल तर मजकूर रूपांतरित होताना जोडाक्षरं आणि रफार बिघडतात, ते वहीच्या फोटोशी नाही पण अंतिम वर्ड प्रतीशी ओळ न् ओळ ताडून घ्या.

शाईची दौत

आमचा छापखाना श्री-लिपीच वापरतो. बरं झालं सांगितलंत, मांडणीसाठी दोन दिवस वाढवून मागते.

आज सकाळी मॅडमशी पुन्हा बोलले. दुसरी बाजू, तुमचा निधीचा मुद्दा सांगितला. "दिवसाआड" राहतंय. त्यांनी समासात शेरा लिहिलाय, "पुढच्या प्रस्तावात हा मुद्दा घ्यावा." "बाया"बद्दल कार्यकर्ता शनिवारी पुण्यात येतोय, तेव्हा दोघं समोरासमोर बोलतील. मी मध्ये बोलणार नाही असं ठरवलंय. नाव टाकायला तो तयार आहे, पण शेवटची पीडीएफ वाचल्याशिवाय नाही असं म्हणाला.

अजून अशाच सहा लेखांचं Compare करायचं बाकी आहे. त्यातले दोन लेखक संस्था सोडून गेलेत आणि एकाचा फोन लागत नाही. लेखक हाताशी नसेल तेव्हा भीतीपोटी खोडलेल्या वाक्याचं काय करायचं? पहिल्या प्रतीतलं वाक्य परत घ्यायचं, की नाव काढून संस्थेच्या नावानं छापायचं?

जुनी प्रत

माहितीच्या आणि परवानगीच्या दुरुस्त्या ठेवून बाकी पहिल्या प्रतीतलं घ्यावं असं मला वाटतं. पण त्यात एखादं वाक्य संस्थेला खरंच अडचणीचं असेल तर ते गाळावं. त्याच्या जागी नवं वाक्य लिहू नये. गाळल्यानं लेख अपुरा राहतो, पण लेखक न बोललेलं त्याच्या नावावर जात नाही. इतरांचं काय मत?

दुसरी बाजू

मी नाव काढलं असतं. फोन लागत नाही म्हणजे संमती नाही.

मोरपीस

सोडून गेलेल्यांना ईमेल तरी करा आधी. त्यांनी एवढं लिहिलंय आणि अहवालात नावच नाही, हे त्यांना नंतर कळलं तर?